काढा, गुळवेल, झिंकच्या गोळ्या: आठ महिन्यांचा हिशेब

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. लिहून ठेवायची सवय धंद्यातून लागली, ती घरीही सुटत नाही. गेल्या जूनमध्ये आईने 'या पावसाळ्यात कुणी आजारी पडायचं नाही' असं जाहीर केलं आणि घरात काढ्याची पाकिटं यायला लागली, तेव्हा मी शंभर पानी वहीच घातली. कोण काय घेतं, कधी घेतं, कोण कधी आजारी पडलं, सगळं त्यात टिपलं. जून ते जानेवारी असे आठ महिने झाले. खर्च 9,340 रुपये.

घरात पाच माणसं. आई 66 वर्षांची, अण्णा 71 चे. अण्णांना बारा वर्षांपासून बीपी आहे, त्याची गोळी चालू आहे. मी, बायको आणि सातवीतली मुलगी. बायकोला थायरॉइडची गोळी आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्यावरच सगळं फिरलं.

घेतलेल्या वस्तू अशा: काढ्याची तयार पाकिटं, गुळवेलीचा बाटलीबंद रस, व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या गोळ्या, च्यवनप्राश, आणि हळदीचं दूध. हळद विकत आणायचा प्रश्न नव्हता.

काढ्यापासून सुरू करतो. आईने तो सोसायटीतल्या एका बाईंकडून घेतला. व्हॉट्सॲपवर जे चित्र आलं होतं त्यात मोठ्या अक्षरात 'स्वाइन फ्लू, डेंग्यू, सर्व विषाणूंपासून कवच' असं लिहिलं होतं. पाकीट हातात आल्यावर मी चष्मा लावून वाचलं, तर त्यावर फक्त 'रोगप्रतिकारशक्ती वाढवण्यास साहाय्यक' एवढंच. फ्लूचं नाव कुठेही नाही. अडतीवर असं कुणी केलं, तोंडी एक भाव आणि पट्टीवर दुसरा, तर संध्याकाळपर्यंत यार्डभर बोभाटा होतो. इथे मात्र हा रिवाजच आहे. पाकिटावर लिहिलं तर कायद्यात अडकतं, म्हणून मोठा दावा फॉरवर्डमध्ये असतो आणि छोटा दावा छापील असतो. पुढे मी एक नियमच केला: ज्या दाव्यावर पैसे मोजतोय तो छापील आहे का, ते आधी बघायचं. पाकिटावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक होता, तो खराही असेल. पण परवाना असणं म्हणजे त्या मिश्रणाची फ्लूवर चाचणी झाली आहे असं नव्हे.

2020 च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने 'आयुष क्वाथ' म्हणून एक प्रमाण दिलं होतं: तुळशीची पानं 4 भाग, दालचिनी 2 भाग, सुंठ 2 भाग, काळी मिरी 1 भाग. भरड करायची, 3 ग्रॅम घेऊन 150 मिली उकळलेल्या पाण्यात चहासारखी टाकायची, दिवसातून एकदा किंवा दोनदा प्यायची. एवढंच. आमच्या पाकिटात याशिवाय लवंग, अडुळसा, गुळवेल आणि ज्येष्ठमध होतं. आणि आमच्या घरी ते चहासारखं टाकून कुणी पीत नव्हतं. आई सकाळी पाच पुड्या पातेल्यात घालून निम्मं पाणी आटेपर्यंत गॅसवर ठेवायची. रंग डिंकाच्या पाण्यासारखा व्हायचा. 'कडक झाल्याशिवाय गुण येत नाही' हे तिचं म्हणणं.

पहिले पंधरा दिवस मला छान वाटलं, खोटं का सांगू. घसा मोकळा, नाक मोकळं, सकाळी तरतरी. तिसऱ्या आठवड्यात छातीत जळजळ सुरू झाली. मी मिरी आणि लवंगेला दोष दिला, काढा जेवणानंतर घ्यायला लागलो, तरी जळजळ राहिली. जुलैत मी बंद केला, चार दिवसांत थांबली. मुलीच्या तोंडात फोड आले, तिचाही बंद. आई, बायको आणि अण्णा मात्र नेटाने पीत राहिले. अण्णा तर दिवसाला तीन कप. वर खोकला आला की ज्येष्ठमधाची काडी गालात धरायची, ही त्यांची जुनी सवय.

ऑगस्टमध्ये मुलगी शाळेतून ताप घेऊन आली. 103 पर्यंत गेला, अंग मोडून आलं, कोरडा खोकला. तीन दिवसांनी बायको पडली, पाचव्या दिवशी आई. आईचं वय बघून डॉक्टरांनी नाकातला स्वॅब पाठवला, इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच निघाला. लक्षणं सुरू होऊन दीड दिवसच झाला होता म्हणून ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लगेच सुरू केलं, 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून 'आधी दोन दिवस काढा घेऊन बघू' हा विचार वयस्कर माणसाच्या बाबतीत महागात पडू शकतो. आईने तो विचार केला होता. सुदैवाने त्या दिवशी मी घरी होतो.

आता घरात सगळ्यात इमानेइतबारे काढा पिणारी आईच, आणि फ्लू तिलाच सिद्ध झाला. मी लगेच विजयी चेहरा करणार, इतक्यात ती गादीवरून म्हणाली, "अण्णांना नाही ना झाला? ते तीन कप पितात."

यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण दोघांचंही म्हणणं एकाच प्रकारचं चूक होतं. पाच माणसांच्या घरावरून काहीच ठरत नाही. निरोगी प्रौढांवर फ्लूच्या लशीच्या ज्या चाचण्या झाल्या, त्या सगळ्या एकत्र करून 2018 साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा काढला. त्यातला लशीचा आकडा बाजूला ठेवा, लस न घेतलेल्यांचा बघा. एका हंगामात तपासणीने सिद्ध झालेला फ्लू त्यांच्यापैकी शेकडा 2.3 जणांना झाला. म्हणजे काहीही न घेता 100 पैकी 97-98 जण सुटलेच. या 100 जणांना तुम्ही काढा द्या, अंगारा द्या, रोज सकाळी उलटं चालायला लावा, हंगामाच्या शेवटी 97 जण शपथेवर सांगतील की त्याचाच गुण आला. फॉरवर्डमधले 'आमच्या घरात कुणालाच झाला नाही' हे सगळे अनुभव खरे असतात. फक्त त्यातून काढ्याबद्दल काही कळत नाही.

त्याच आढाव्यात दुसरा आकडा आहे. फ्लूसारखा ताप-खोकला, म्हणजे तपासणी न करता आपण ज्याला फ्लू म्हणतो तो, लस न घेतलेल्यांत शेकडा 21 च्या आसपास होता. पावसाळ्यातले आपले बहुतेक 'फ्लू' हे वेगवेगळ्या विषाणूंचे पडसे असतात. त्यामुळे 'मला फ्लू झाला आणि काढ्याने तीन दिवसांत गेला' यातला पहिला भागच बहुधा डळमळीत असतो. पडसं तसंही चार दिवसांत उतरणीला लागतं.

अण्णांचा किस्सा मात्र वेगळा. तिथे आकडे आमच्याच घरचे आहेत, आणि कारण समजण्यासारखं आहे.

आईला दाखवायला नेलं तेव्हा अण्णा बरोबर आले होते. बाकावर बसून ते पोटऱ्या चोळत होते. डॉक्टरांचं लक्ष गेलं. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा राहिला. बीपी 164/94. अण्णांचं बीपी वर्षानुवर्षं 130 च्या आसपास असतं. घरी मशीन आहे, मी वहीत मागे जाऊन बघितलं: मे महिन्यात 132/82, जुलैच्या पहिल्या आठवड्यात 142/86, जुलैअखेर 154/90. चढण डोळ्यांसमोर होती. आम्ही ती पावसाळी हवेवर आणि लोणच्यावर ढकलली होती. रक्त तपासलं तर पोटॅशियम 3.1. ते 3.5 च्या वर असायला हवं.

डॉक्टरांनी विचारलं, "अण्णा, नवीन काय चालू केलंत?"

"औषध काही नाही. काढा तेवढा."

"त्याचं पाकीट घेऊन या."

मी घरी जाऊन आणलं. त्यांनी घटकांच्या यादीवरून बोट फिरवत नेलं आणि एका ठिकाणी थांबले. ज्येष्ठमध, एका पुडीत 1 ग्रॅम.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याची असते. आपल्या शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक कायम फिरत असतं. मूत्रपिंडाला ते दुसऱ्याच एका संप्रेरकासारखं भासतं, मीठ धरून ठेवायला सांगणाऱ्या. हा घोटाळा होऊ नये म्हणून मूत्रपिंडात एक विकर पहाऱ्यावर असतं, ते कॉर्टिसोलला तिथल्या तिथे निकामी करतं. ग्लिसरायझिन या पहारेकऱ्यालाच झोपवतं. मग शरीर मीठ आणि पाणी साठवतं, पोटॅशियम लघवीवाटे टाकतं. बीपी चढतं, पायावर सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात. अण्णांच्या बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध आहे, तेही पोटॅशियम कमी करतं. दोन्ही एकाच दिशेने ओढत होते. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी ईसीजी काढला. तो ठीक निघाला.

माझ्यातला दिवाणजी तेवढ्यावर थांबेना. तीन कप म्हणजे 3 ग्रॅम ज्येष्ठमध. मुळीत ग्लिसरायझिन किती, हे मालागणिक बरंच कमीजास्त असतं. शेकडा 4 धरलं तर 120 मिलिग्रॅम होतं. युरोपातल्या तज्ज्ञांनी रोजची मर्यादा 100 मिलिग्रॅमची सांगितली आहे. हे द्रव्य गरम पाण्यात चांगलं उतरतं, आणि आमच्याकडे आटवून आटवून उतरवलेलं. वर गालातली काडी धरलेलीच नाही. आता हेच 3 ग्रॅम कुणी चार दिवस खोकल्यासाठी घेतलं तर बहुधा काही होणार नाही. अण्णांनी दहा आठवडे घेतलं, 71 व्या वर्षी, बीपीच्या गोळीवर. 'रोज घ्या, कायम घ्या, दुष्परिणाम शून्य' या वाक्यात बिघाड आहे तो 'रोज' आणि 'कायम' या दोन शब्दांत.

काढा आणि काडी बंद केली. डॉक्टरांनी गोळी थोडी बदलली, पोटॅशियमचं पातळ औषध काही दिवस दिलं. फरक लगेच पडला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण चौथ्या दिवशी आई म्हणाली होती की 'बंद करून काय झालं?' या द्रव्याचा परिणाम उतरायला आठवडे लागतात. आमच्याकडे दहाव्या दिवशी 150/88, तिसऱ्या आठवडाअखेर 136/82, पोटॅशियम 4.0. सूज त्याआधीच गेली होती. गोळीही बदलली असल्यामुळे सगळा गुण काढा थांबवण्याचा म्हणता येणार नाही. पण ऑक्टोबरात डॉक्टरांनी गोळी परत जुन्याच मापावर आणली आणि बीपी जागेवर राहिलं, तेव्हा माझी शंका फिटली.

घरात कुणाला बीपी असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पाकिटावर ज्येष्ठमध, यष्टिमधु किंवा मुलेठी यांपैकी काहीही दिसलं तर ते रोजच्या काढ्यात नको. तिन्ही एकच.

दालचिनीचंही थोडं असंच आहे. बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅसिया असते आणि तिच्यात कुमारिन असतं, ते जास्त झालं तर यकृताला जड. आयुष क्वाथाच्या 3 ग्रॅममध्ये दालचिनी पाऊण ग्रॅमहूनही कमी येते, त्यामुळे दोन कपांना माझी हरकत नाही. पातेल्यात मूठभर टाकणाऱ्यांनी मात्र प्रमाण बघावं.

गुळवेलीचा रस बायको घ्यायची, रोज सकाळी 30 मिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला पाकिटाचा प्रकार झाल्यावर मी बाटलीबद्दलही डॉक्टरांना विचारलं. 2020 च्या साथीत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत कावीळ आणि यकृताची सूज आढळली, पुढे देशातल्या इतर रुग्णालयांतूनही तसेच रुग्ण नोंदले गेले. ज्यांना आधीच शरीर स्वतःवरच उलटण्याच्या प्रकारातला आजार आहे, थायरॉइडचा वगैरे, असे त्यात बरेच होते. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दिसायला सारखी दुसरी वेल वापरली गेली असेल असं म्हटलं. असेलही. पण बाटलीत कोणती वेल आहे हे मला घरी बसून कसं कळणार? लाखो लोक गुळवेल घेतात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरं. बायकोच्या यकृताच्या तपासण्या ठीक आल्या, पण तिच्या बाबतीत हा जुगार खेळण्याचं कारण नव्हतं. उरलेली बाटली मोरीत. गुळवेल घेत असताना भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळट दिसले, तर आधी ती थांबवून रक्त तपासून घ्यावं.

व्हिटॅमिन सी: रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही. झाल्यावर मोठ्यांत ती शेकडा 8 इतकीच लवकर आटपते, म्हणजे आठवड्याच्या सर्दीतला अर्धा दिवस, तोही आधीपासून रोज घेत असाल तर. हे सर्दीचं, फ्लूचं नव्हे. त्या पैशात पेरू. झिंकची 50 मिलिग्रॅमची गोळी महिनोन्महिने घेणं तर सरळ चूक आहे, मोठ्या माणसाची रोजची कमाल मर्यादा 40 आहे आणि त्यावर दीर्घकाळ राहिलं की शरीरातलं तांबं घटतं. मी दोन महिने घेतली, रिकाम्या पोटी मळमळायचं. च्यवनप्राश चविष्ट असतो आणि त्यात साखर भरपूर असते, यापलीकडे माझ्या वहीत काही नाही.

हळदीवर मात्र थोडं बोलू द्या, ती माझी भाकरी आहे. यार्डात एक व्यापारी दर पावसाळ्यात सांगतात की हळदीच्या धुळीत राबणाऱ्या हमालांना ताप येत नाही. हजेरीपत्रक माझ्याकडे असतं. ऑगस्टमध्ये आमच्या अडतीवर तापाच्या सुट्ट्या इतर वर्षांइतक्याच होत्या. ज्या कुरकुमिनचं एवढं कौतुक, ते हळदीत शेकडा 3 च्या आसपास. चमचाभर हळदीत ते जेमतेम 100 मिलिग्रॅम भरतं, पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. मिरीने शोषण वाढतं हे खरं आहे. ज्या गाजलेल्या प्रयोगात ते वीसपट वाढलं, त्यात माणसांना 2 ग्रॅम कुरकुमिन दिलं होतं, म्हणजे आमच्या हळदीचे वीस चमचे. आणि मिरी फक्त कुरकुमिनच आत सोडते असं नाही, फिटच्या आणि दम्याच्या काही औषधांचं प्रमाणही ती रक्तात वाढवते. हळदीचं दूध मी रोज पितो, झोप चांगली लागते म्हणून. फ्लूसाठी नाही.

मग टिकलं काय? गरम काढ्याने घशाला आणि चोंदलेल्या नाकाला आराम पडतो, हे आम्ही पाचही जणांनी अनुभवलं आणि त्यात गैर काही नाही. आमच्याकडे आता आयुष क्वाथाच्याच प्रमाणात भरड करून बरणीत ठेवली आहे. घसा धरला की एक कप, न आटवता. दुसरं म्हणजे ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या. शस्त्रक्रियेत भुलीसाठी घशात नळी घालतात, त्यानंतरची घसादुखी या गुळण्यांनी कमी होते असं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे घशावर ज्येष्ठमधाचा गुण आहे, आणि तो मिळवायला ते पोटात जावंच लागतं असं नाही.

फ्लू टाळण्यासाठी चाचणीला उतरलेली गोष्ट एकच सापडली, लस. तीही कवच नव्हे. विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी ती धोका साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी करते, म्हाताऱ्यांत त्याहून कमी, आणि साध्या सर्दीवर काहीच करत नाही. विषाणू बदलत राहतो म्हणून दर वर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि अंगात प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात, त्यामुळे डॉक्टरांनी आई-अण्णांना मे महिन्यातली तारीख दिली आहे. दोघांच्या दोन सुयांचा खर्च काढ्या-गोळ्यांच्या 9,340 च्या निम्म्याहून कमी येईल.

आईला हे सगळं अजून पटलेलं नाही. पण रोज रात्री अण्णा मोरीपाशी ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करतात तेव्हा ती शेजारी उभी राहते, आणि थुंकल्याचा आवाज ऐकू आल्याशिवाय आत जात नाही.